रातांबा कुजतो तो आळसामुळे नव्हे

1 मेच्या ग्रामसभेत कुडाळ तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचांनी तरुणांसमोर भाषण केले. भाषण चांगले होते. कागद हातात न घेता, मालवणीत, पंधरा-वीस मिनिटे ते बोलले. मुद्दा एकच होता: "आपल्या गावात काय कमी आसा? रातांबो झाडाखाली कुजान जाता, आणि आमचे झिलगे गोव्यात जावन सिक्युरिटीत उभे रवतत." गावात रातांबा म्हणजे कोकमाचे फळ आहे, काजू आहे, फणस आहे. त्यातून सरबत करा, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस करा, बाटल्या भरा, नाव लावा आणि विका. सरकारी योजना आहेत, बँका आहेत, ग्रामपंचायत पाठीशी आहे. नोकरी मागणारे होऊ नका. टाळ्या पडल्या, आणि त्या मनापासूनच्या होत्या.

सरपंचांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पहिलीला दोन मुले उरलेली शाळा, गणपती आणि शिमग्यापुरती उघडणारी घरे, मोप्याच्या विमानतळावर किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात पाळी करून महिन्यातून एकदा घरी येणारी पोरे, हे सगळे ते रोज पाहतात. पण त्या भाषणाने कामाचे सगळे ओझे तरुणांच्या हिमतीवर टाकले, आणि माझा वाद तिथेच आहे. रातांबा कुजतो हे खरे. तो का कुजतो याचे उत्तर मात्र हिमतीत सापडत नाही. ते मे महिन्यात कोणाच्या हातात रोकड असते, काम करायला जागा कुठे आहे आणि झाड नेमके कोणाचे आहे, या तीन गोष्टींत आहे. त्यातल्या किमान दोन गोष्टी ग्रामपंचायतीच्या हातात आहेत, तरुणांच्या नाहीत.

आधी फळाचे वेळापत्रक पाहू, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. कोकमाचे फळ एप्रिलच्या मध्यापासून पिकायला लागते, मेमध्ये जोर धरते आणि जूनच्या पहिल्या पावसात संपते. संपते म्हणजे झाडावर असतेच, पण पाण्याने फुगून फुटते, गळते, बुरशी धरते. उतरवलेले पिके फळही दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त थांबत नाही. म्हणजे वर्षाचा सगळा कच्चा माल पाच-सहा आठवड्यांत गोळा करायचा, फोडायचा आणि टिकाऊ करून ठेवायचा. त्यात वळवाचा पाऊस आला की वाळवण उचला, वीज गेली की थांबा. 1 मेला हे भाषण ऐकून एखाद्याने दुसऱ्या दिवशी कामाला लागायचे ठरवले, तरी हंगाम आधीच सुरू झालेला. त्या वर्षीच्या धंद्याची तयारी डिसेंबर-जानेवारीतच व्हायला हवी होती.

आता पैसे. भाषणात सगळ्यात सहज आला तो शब्द सरबत, म्हणजे बाजारात ज्याला अमृत कोकम म्हणतात ते. त्याची रीत सोपी आहे. फळ धुऊन फोडायचे, गर आणि बिया बाजूला काढायच्या, सालीच्या वाट्यांत साखर भरून थर लावायचे. सालीच्या दुप्पट साखर. सात-आठ दिवस रोज ढवळायचे, मग पाक गाळून घ्यायचा. फळाच्या वजनात साल साधारण निम्मी असते. हिशेबासाठी काही भाव धरतो. ते दर वर्षी आणि दर गावात बदलतील, पण त्यांचे प्रमाण फारसे बदलणार नाही.

एक क्विंटल रातांबे किलोला 25 रुपयांनी घेतले तर 2,500 रुपये. त्यातून 50 किलो साल निघेल. तिला 100 किलो साखर, 45 रुपये किलोने 4,500. पाक सालीतही अडकतो, सांडतो, भांड्याला लागतो. ते सोडून हाती 80 लिटर आला असे धरू. 80 बाटल्या, बूच आणि लेबल मिळून प्रत्येकी 15 रुपये, म्हणजे 1,200. फोडणे, ढवळणे, गाळणे आणि भरणे याला तीन मजुऱ्या, प्रत्येकी 400 प्रमाणे 1,200. एकूण 9,400 रुपये. म्हणजे बाटली एकशे साडेसतरा रुपयांना पडली. दुकानदार ती 200 ला विकणार असेल तर आपल्या हातात 140 ठेवील. बाटलीमागे साडेबावीस रुपये सुटले, क्विंटलमागे 1,800. यात वाहतूक, फुटलेल्या बाटल्या आणि उधारी धरलेली नाही.

गोव्यात उभा राहणारा जो झिलगा सरपंचांना परत आणायचा आहे, त्याला महिन्याला 15,000 मिळतात असे समजू. वर्षाचे 1,80,000. तेवढेच घरी बसून मिळवायचे तर त्याला शंभर क्विंटल, म्हणजे दहा टन रातांबे लागतील, आणि सहा आठवड्यांत 9,40,000 रुपये अडकवावे लागतील. माल मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हळूहळू खपणार. याशिवाय एक गंमत आहे. या दहा टनांच्या धंद्यात रातांब्याला अडीच लाख जातात आणि साखरेला साडेचार लाख. स्थानिक साधनसंपत्तीचा उद्योग म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यातली सगळ्यात मोठी खरेदी कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांकडून होते.

आता कर्ज आणि अनुदान. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना 2020 पासून आहे. प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळते, स्वतःचे किमान 10 टक्के घालावे लागतात आणि उरलेले बँकेचे कर्ज. योजना वाईट नाही. पण हे अनुदान यंत्रे आणि त्यासाठी लागणारे बांधकाम यावर हिशेबले जाते. कोकमाच्या सरबताला यंत्र असे फारसे लागतच नाही. स्टीलची पिंपे, गाळण्या, भरायचे आणि बूच बसवायचे साधन, एवढेच. पैसा लागतो तो साखर, फळ आणि बाटल्यांना, म्हणजे खेळत्या भांडवलाला, आणि तोही मेमध्ये एकदम. परिणाम असा होतो की अनुदान मिळते म्हणून गरज नसलेले यंत्र घेतले जाते, त्याचा हप्ता सुरू होतो आणि साखरेला पैसे उरत नाहीत. धंदा बंद पडला की गाव म्हणते, पोरगा आळशी होता.

अन्नपरवान्याचा बाऊ मात्र उगाच केला जातो. छोट्या उत्पादकाची अन्नसुरक्षा नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते आणि अर्ज मोबाइलवरून भरता येतो. खरी अट वेगळी आहे. ती नोंदणी जागेची असते. जिथे माल तयार होतो त्या जागेला धुण्यायोग्य जमीन, पुरेसे स्वच्छ पाणी आणि जनावरे-माश्यांपासून आडोसा हवा. आमच्याकडच्या मातीच्या, कौलारू घरात, चुलीशेजारी, मे महिन्यात आलेल्या मुंबईकर पाहुण्यांच्या गर्दीत ही जागा काढायची कुठून?

आणि जागेशिवाय दर्जा टिकत नाही. कोकमाचा लाल रंग उष्णतेने आणि उजेडाने उतरतो. घाईत पाक जास्त उकळला की तो तपकिरी पडतो, मग कोणीतरी खायचा रंग घालण्याचा सल्ला देतो आणि त्या दिवसापासून आपला माल आणि बाजारातला भेसळीचा माल यात फरक राहत नाही. अॅल्युमिनियमच्या टोपात ठेवला तर आम्लाने धातू उतरतो. साखर पुरी विरघळली नाही किंवा साल ओली असताना थर लावले, तर पाक पातळ राहतो. अशी बाटली जुलैच्या दमट हवेत आंबते, बूच वर येते, उघडली की फेस उसळतो. हे टाळायला विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण 65 टक्क्यांच्या वर हवे, आणि ते डोळ्यांनी किंवा तार बघून नक्की कळत नाही. त्यासाठी ब्रिक्स मोजणारे हातातले छोटे उपकरण मिळते. एक थेंब टाकायचा आणि आकडा वाचायचा. हजार-दोन हजार रुपयांचे ते उपकरण गावात एक असले तरी पुरते. पण ते वापरणारे एक माणूस आणि सगळ्यांचा पाक जिथे तपासला जाईल अशी एक जागा लागते.

सरपंचांच्या भाषणात मला सगळ्यात जास्त खटकले ते असे, की त्यांनी हा उद्योग नव्याने सुरू करायला सांगितला. तो गावात चालूच आहे. तो चालवतात त्या बायका समोर, मंडपाच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. आमसुले करणाऱ्या. रातांबा फोडून साली वेगळ्या करायच्या, गराचा रस मीठ घालून ठेवायचा, साली त्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, सुकत आल्या की पुन्हा बुडवायच्या. अशी चार-पाच, कधी सात पुटे. वाळून सालीचे वजन पाचव्या हिश्श्याच्या आसपास येते. उरलेल्या बिया धुऊन वाळवून ठेवायच्या, सवडीने फोडून, कांडून, पाण्यात उकळून वर आलेल्या तेलाचे गोळे वळायचे. हेच आमचे भिरंडेल, टाचांच्या भेगांना लावायचे. बीमध्ये पाव हिश्श्याच्या जवळपास तेल असते आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांना ते हवे असते. पण गावातली बी व्यापारी कवडीमोलाने उचलतो, कारण प्रत्येक घरी पाच-दहा किलोच असते आणि तेवढ्यासाठी बाहेरचा कोणी येत नाही.

या धंद्याला साखर लागत नाही, मीठ लागते. भांडवल जवळजवळ घरच्या श्रमाचे. म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला, आणि म्हणूनच त्याला कोणी उद्योग म्हणत नाही. त्यातल्या बाईला तिच्या मजुरीचा भाव मिळत नाही, हा त्याचा दोष. आमसूल जूनच्या आत विकावे लागते. एकदा हवा दमट झाली की मिठाला पाणी सुटते, माल चिकट होतो आणि व्यापारी भाव पाडतो. त्यावर काही जणी मीठ जास्त घालून वजन वाढवतात. ते ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. सालीवर पांढरी पूड दिसते आणि मूठ दाबली की तळहात ओला होतो. मग सगळ्यांच्याच मालाला संशयाचा भाव लागतो, चांगल्या मालालाही.

माझ्या मते तरुणाने शिरायचे ते इथे. स्वतःची सरबताची भट्टी लावण्यापेक्षा गावातल्या तीस-चाळीस घरांचे आमसूल, आगळ आणि बी एकत्र घ्यायची, मीठ आणि ओल पाहून प्रती लावायच्या, चांगल्या मालाला त्याच दिवशी जास्त भाव द्यायचा, हवाबंद पिशव्यांत भरून पावसाळाभर ठेवायचा आणि श्रावणापासून विकायचा. आमसुलाला आमटीपासून सोलकढीपर्यंत मागणी बारमाही आहे. आगळही चांगल्या मिठात वर्षभर टिकते. यात नोकरी सोडायची गरज पहिल्या वर्षी नाही. ज्याचे गोव्यात हॉटेलांशी, दुकानांशी बोलणे आहे असा, तिथे काम करणारा मुलगाच या कामाला जास्त उपयोगी आहे. म्हणजे सरपंचांनी ज्याला जवळपास अपयशी ठरवले, तोच खरे तर धंद्याचे बाजारातले टोक आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मधला व्यापारी काढून गावचाच व्यापारी बसवला, एवढेच झाले ना? काही अंशी हो. तो बायकांना भाव पाडून देणार नाही याची हमी काय? म्हणून हा खरेदीदार एकट्याने उभा राहण्यापेक्षा राज्याच्या उमेद अभियानातल्या बचतगटांच्या ग्रामसंघाने त्याला पगारावर किंवा टक्क्यावर नेमणे जास्त सुरक्षित वाटते. गटांकडे अंतर्गत कर्जाची सवय आणि बँकेतली पत असते. प्रक्रिया उद्योगाच्या त्याच केंद्रीय योजनेत गटाच्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे. मेमध्ये भासणारी रोकडीची अडचण नेमकी याच रकमेने थोडी सुटते. भाषणात याचा उल्लेख आला नाही, कारण भाषण तरुणांसाठी होते आणि बचतगट म्हटले की आपल्याला फक्त पापड-लोणची आठवतात.

राहिला झाडांचा प्रश्न, आणि कोकणात तो सगळ्यात अवघड. कोकमाची झाडे बागेत ओळीने उभी नसतात. परसात, बांधावर, ओहोळाच्या कडेला, काजूच्या गर्दीत, अशी विखुरलेली. मोठ्या झाडापासून सरासरी 50 किलो फळ धरले तर वर सांगितलेल्या दहा टनांना फळ देणारी 200 मादी झाडे लागतील. एवढी एका घराकडे नसतात. पंचवीस-तीस घरांत मिळून असतील. त्यातल्या निम्म्या घरांना कुलूप. सातबारावर पंधरा-वीस नावे, काही मुंबईला, काही बडोद्याला, काही वर गेलेली आणि वारस न लागलेली. झाडाला कोणी हात लावत नाही ते आळसाने नव्हे. "आमच्या वाट्यातले रातांबे कोणाला विचारून काढले?" हा प्रश्न गणपतीत येईल, या भीतीने. मी पाहिलेल्या भावकीच्या भांडणांत जमिनीपेक्षा झाडांवरची भांडणे कडू असतात. अशा जमिनीवर बँक कर्ज देताना सगळ्यांच्या सह्या मागते, हे वेगळेच.

ही गाठ तरुण सोडवू शकत नाही. घरातल्या काकांसमोर त्याचा आवाज नसतो. सरपंच मात्र काही करू शकतात. मालकी हक्कात न शिरता, फक्त एका हंगामापुरते फळ काढायची साधी संमती, कुटुंबागणिक एक सही, ठरलेला दर आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार याचा उल्लेख, असा एक पानाचा नमुना ग्रामपंचायतीने करायला काय हरकत आहे? चाकरमानी गणपतीत गावी येतात. सगळे वाटेकरी एका ओटीवर सापडण्याचे तेच आठ दिवस. त्या वेळी ग्रामपंचायतीचा शिपाई नमुना घेऊन फिरला तर मेमधले निम्मे फळ मोकळे होईल. सोबत झाडांची मोजणीही होऊन जाईल, कारण आज गावात किती रातांबे पिकतात याचा आकडा कोणाकडेच नाही. सरपंचांकडेही नव्हता. "टनांनी कुजता" एवढेच ते म्हणाले.

जागेचेही तसेच. अनेक गावांत समाजमंदिर किंवा जुन्या शाळेची खोली वर्षातले दहा महिने रिकामी असते. तिथे फरशी, दोन नळ, जाळीच्या खिडक्या आणि स्टीलची टेबले बसवली तर बचतगटाच्या नावाने तिथली नोंदणी होऊ शकते. हा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालता येतो, पण आराखडा ठरतो तेव्हा कोणीतरी तो मांडावा लागतो. गटाकडून नाममात्र भाडे घ्यावे आणि बाकी धंद्यात पडू नये. कारण ग्रामपंचायतच सरबत विकायला लागली तर पुढच्या निवडणुकीत पिंपेही दोन पक्षांत वाटली जातील. सरपंचांच्या जवळच्या एका सदस्याने मला हेच सांगितले, आणि त्यांची भीती खोटी नाही. जागा, नोंद आणि संमतीचा कागद या तीन गोष्टींपलीकडे पंचायतीने जाऊ नये, या मताला मीही आलो आहे.

भौगोलिक मानांकनाबद्दलही भाषणात एक वाक्य होते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन आहे, ते लावा आणि चढा भाव घ्या. इतके सरळ नाही. मानांकन त्या प्रदेशाच्या नावाला मिळालेले असते. ते स्वतःच्या लेबलवर छापायचे तर प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. न नोंदवता छापले तर ते बेकायदा. आणि ज्याच्या आमसुलाला मिठाचे पाणी सुटते आहे त्याला मानांकन चढा भाव मिळवून देत नाही. आधी प्रत, मग शिक्का.

नवीन लागवडीचे बोलायचे तर धीर लागतो. बियांपासून उगवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात 1997 मध्ये दिली. तिची कलमे चार-पाच वर्षांत फळाला येतात आणि मादी झाडाचीच असल्याने फसवत नाहीत. कलम घेताना एक पाहायचे: ते सरळ वाढणाऱ्या शेंड्याचे असावे. आडव्या फांदीच्या काडीचे कलम जमिनीलगत पसरत राहते, वर उठत नाही, आणि नर्सरीत ते पहिल्या वर्षी सहसा लक्षात येत नाही. शिवाय फळ देत नाही म्हणून नर झाडे सरसकट तोडण्याची चाल आहे. ती थांबली पाहिजे, कारण परागासाठी आसपास काही नर लागतातच. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकम आहे, म्हणजे खड्ड्यापासून कलमापर्यंतचा काही खर्च निघतो. पण तिथेही अर्जासोबत सातबारा लागतो, आणि सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमती. म्हणजे आज लावलेल्या कलमाची फळे पाच वर्षांनी कोण उतरवणार, हे त्या गणपतीतल्या सह्यांवरच ठरणार आहे.